लाखपट पातळ करताना

पिण्याच्या पाण्यात शिसे किती चालते, याचे उत्तर भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये दिले आहे. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. दुसरा स्रोत उपलब्ध नसला तर काही घटकांना वाढीव मर्यादा मिळते, ती शिशाला नाही. त्यामुळे विहिरीचे पाणी ९ आले की पास आणि ११ आले की नापास. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत याच मोजणीचे काम करते. हा ९ किंवा ११ यंत्र स्वतःहून सांगत नाही. ग्रॅफाइट फर्नेसचे एएएस फक्त प्रकाश किती शोषला गेला ते दाखवते. तेवढ्या शोषणाला किती शिसे म्हणायचे, हे आपण बनवलेल्या स्टँडर्डवरून ठरते. म्हणून स्टँडर्ड चुकले की त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट त्याच प्रमाणात चुकतात.

स्टँडर्डची सुरुवात बाटलीतल्या स्टॉकपासून होते. तो लिटरला १००० मिलिग्रॅमचा असतो. आपल्याला हवे आहेत १० मायक्रोग्रॅम. म्हणजे स्टॉक एक लाख पट पातळ करायचा. हे एका दमात करायचे तर १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये स्टॉकचा एकच मायक्रोलिटर टाकावा लागेल, आणि एवढा बारीक थेंब कोणत्याही पिपेटने भरवशाने मोजता येत नाही. म्हणून पायऱ्या कराव्या लागतात.

आमची नेहमीची शिडी अशी. पहिल्या पायरीला १ मिली स्टॉक १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत भरायचा. ही शंभर पट. दुसऱ्या पायरीला त्यातला १ मिली पुन्हा १०० मिलीपर्यंत. आणखी शंभर पट, एकूण दहा हजार. तिसऱ्या पायरीला त्यातले १० मिली १०० मिलीपर्यंत. दहा पट, एकूण एक लाख. संहती मी वहीत पहिल्या ओळीपासून मायक्रोग्रॅममध्येच लिहायला सांगते: १०,००,०००, मग १०,०००, मग १००, मग १०. मधेच मिलिग्रॅमवरून मायक्रोग्रॅमवर उडी मारली की हजाराचा गुणक सुटून जातो. दर ओळीत चार गोष्टी असाव्यात: किती मिली घेतले, एकूण किती मिली केले, या पायरीचा गुणक आणि आतापर्यंतचा एकूण गुणक. स्टॉकची संहती भागिले एकूण गुणक, हे उत्तर त्या ओळीत लिहिलेल्या संहतीशी जुळलेच पाहिजे. जुळले नाही तर पुढची पायरी करायची नाही.

आता ज्या प्रसंगावरून हे लिहिते आहे तो सांगते. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने एक दिवस स्टँडर्ड बनवले. फ्लास्क धुण्यात वेळ जातो म्हणून तिने छोट्या प्लास्टिक नळ्यांमध्ये दहा-दहा पटींच्या चार पायऱ्या केल्या. चौथ्या नळीत लिटरला १०० मायक्रोग्रॅम असायला हवे होते. त्यातले ०.२, ०.५, १ आणि २ मिली तिने १० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरले आणि २, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅमचे स्टँडर्ड म्हणून यंत्राला दिले. रेष सुरेख आली, सहसंबंध ०.९९९ च्या वर. एका गावच्या विहिरीचे पाणी ११ दाखवत होते.

रिपोर्ट लिहिण्याआधी आम्ही एक तपासणी स्टँडर्ड चालवतो. ते दुसऱ्या कंपनीच्या बाटलीपासून, दुसऱ्या माणसाने, वेगळ्या काचसामानातून बनवलेले असते. ते १० दाखवायला हवे होते, ९ ते ११ चालले असते. त्या दिवशी ते १४.६ आले.

कोणी म्हणाले ग्रॅफाइटची नळी बदला, कोणी म्हणाले दिवा जुना झाला. पण नळी किंवा दिवा खराब असता तर स्टँडर्ड आणि नमुने दोघांचेही शोषण सारखेच बदलले असते, आणि नुकत्याच काढलेल्या रेषेवर आकडा बरोबरच आला असता. अशा वेळी यंत्राच्या मागे लागण्यात दिवस जातो. सरळ रेषा तरी काय सांगते? स्टँडर्ड एकमेकांच्या प्रमाणात आहेत, एवढेच. सगळे एकाच चुकीच्या नळीतून आले असतील तर रेष तितकीच सरळ येते, फक्त तिच्याखालचे आकडे खोटे असतात.

मी तिला विचारले, "नळीत नेमके काय काय टाकलेस?"

"मॅडम, पद्धतीत लिहिलंय तसंच. एकास दहा. १ मिली आधीचं आणि १० मिली अॅसिड."

कागदावर १:१० एवढेच लिहिलेले होते. १ मिलीमध्ये १० मिली घातले की एकूण ११ मिली होतात, म्हणजे गुणक ११. दहा पटीसाठी ९ मिली घालायला हवे होते. एका पायरीत हा फरक दहा टक्क्यांचा दिसतो आणि कित्येकदा खपूनही जातो. पण गुणक गुणले जातात, तसे त्यांच्यातले दोषही गुणले जातात. अकरा चार वेळा गुणले की १४,६४१ होतात. आपण धरले होते दहा हजार. म्हणजे चौथ्या नळीत १०० ऐवजी जेमतेम ६८ मायक्रोग्रॅम होते. तिच्यापासून बनलेले प्रत्येक स्टँडर्ड त्याच प्रमाणात फिके, आणि म्हणून प्रत्येक नमुना १.४६ पट जास्त दिसत होता. खरे १० ते १४.६ दिसले, त्याचा उगम हाच.

तरी नुसत्या बोलण्यावर विसंबू नये. दुसरी नळी दहा मिलिग्रॅमची असायला हवी होती, आणि एवढी संहती साध्या ज्वालेच्या एएएसवर सहज मोजता येते. वेगळ्या बाटलीच्या स्टँडर्डशी ताडून पाहिली तर ती ८.३ आली. १००० भागिले १२१ करून पाहा, हाच आकडा मिळतो. यातून मोठी गोष्ट कळते. हात एकदाच चुकला असता, उदाहरणार्थ एका पायरीत पिपेट चुकीचे लागले असते, तर तफावत त्या एका पायरीवर उडी मारून आली असती. इथे दोन पायऱ्यांनंतर १.२१ पट आणि चार पायऱ्यांनंतर १.४६ पट, म्हणजे प्रत्येक पायरीत सारखी १.१. दोष सगळ्या पायऱ्यांत सारखा वाटलेला असेल तर तो हाताचा नसतो, बहुधा कृती कशी लिहिली आणि कशी वाचली त्यात असतो. त्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही कागद बदलला. आता कुठेही १:१० लिहिलेले नाही. "१ मिली घ्या, एकूण १० मिली करा" असेच लिहिलेले आहे.

नवे स्टँडर्ड बनवून विहिरीचे पाणी पुन्हा मोजले तेव्हा ते ७.५ निघाले. तपासणी स्टँडर्ड नसते तर ती विहीर बंद करण्याची नोटीस निघाली असती. आणि ते त्याच चौथ्या नळीतून बनवले असते तर त्याने अगदी १० दाखवून सगळे बरोबर असल्याची ग्वाही दिली असती. म्हणून वेगळी बाटली, वेगळा हात आणि वेगळे काचसामान या तीन गोष्टींत मी कधीही सूट देत नाही.

गुणक बरोबर असूनही संहती चुकू शकते. याची दोन कारणे मला सर्वांत जास्त वेळा भेटली आहेत.

पहिले म्हणजे वरच्या पायरीचे खालच्या पायरीत वाहून जाणे. स्टॉकच्या एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम शिसे असते. तेवढे १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये गेले तर तिथे लिटरला १० मायक्रोग्रॅमची भर पडते, म्हणजे आपले १० चे स्टँडर्ड २० चे होते. एक मायक्रोलिटर डोळ्यांना दिसतही नाही. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला ओलावा त्याहून जास्त असतो. त्यामुळे प्रत्येक पायरीला नवी टीप, टोक बाहेरून पुसून घेणे, आणि स्टॉकची बाटली खालच्या पायऱ्यांच्या टेबलावर न आणणे. ओळखायची खूण अशी की एकच बिंदू रेषेच्या वर उडी मारतो, बाकीचे जागेवर असतात. अॅसिडच दूषित असेल तर मात्र ब्लँकच वर चढतो.

दुसरे कारण उलट्या दिशेचे. शिसे काचेच्या भिंतीला चिकटते. लिटरला १००० मिलिग्रॅम असताना थोडे चिकटले तरी कळत नाही, पण १० मायक्रोग्रॅममधून तेवढेच गेले की कळते. त्यासाठी पातळ करायला नुसते शुद्ध पाणी वापरायचे नाही, १ टक्का नायट्रिक अॅसिड वापरायचे, आणि खालचे स्टँडर्ड रोजचे रोज बनवायचे. सकाळी जुळलेले सर्वांत खालचे एक-दोन बिंदू संध्याकाळी रेषेखाली बसले आणि वरचे तसेच राहिले, तर कारण बहुधा हेच असते. फ्लास्क खुणेपर्यंत भरल्यावर झाकण धरून पंधरा-वीस वेळा उलटासुलटा करणेही इथेच सांगते. गळ्यातले द्रव खालच्याशी मिसळले नाही तर पिपेटमध्ये जे येते त्याची संहती कोणत्याच ओळीत लिहिलेली नसते.

पायऱ्या किती करायच्या, यावर माझे मत ठाम आहे. चांगल्या प्रतीच्या १ मिली पिपेटमध्ये साधारण अर्धा ते पाऊण टक्का चूक चालते, १० मिलीच्या पिपेटमध्ये तीच जेमतेम ०.२ टक्के असते. म्हणून दहा-दहा पटींच्या पाच छोट्या पायऱ्यांपेक्षा मोठ्या आकारमानाच्या तीन पायऱ्या बऱ्या. अॅसिड थोडे जास्त लागते, पण चुकायच्या जागा कमी होतात.

उलट दिशेचा हिशोबही याच वहीत राहू द्यावा. एखादा नमुना रेषेच्या वर गेला की तो पातळ करावा लागतो. समजा ५ मिली नमुना ५० मिलीपर्यंत केला आणि यंत्राने ३.२ दाखवले, तर विहिरीत ३२ आहेत. हा दहाचा गुणक पातळ करतानाच नमुन्याच्या क्रमांकाशेजारी लिहिला पाहिजे, वाचन आल्यावर नाही. दुपारपर्यंत टेबलावर सारख्या दिसणाऱ्या चाळीस नळ्या असतात, आणि ३.२ हा आकडा रिपोर्टवर अगदी निर्धोक दिसतो.