स्वाध्याय : आठवड्याचं मन एका पानावर

गेल्या गुरुवारी दांडिया बाजारच्या सत्संगात काही भगिनींनी विचारलं, "रोज रात्री फोनमध्ये बोलून ठेवतो खरं, पण पुढे त्याचं करायचं काय?" मी कसं करते ते लिहिते.

निजण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवायची. (नीट बघून हं. माझी एक नोंद चुकून सत्संगाच्या ग्रुपवर गेली होती!) सुरुवातीलाच मनाला १ ते ५ मधला आकडा द्यायचा. १ म्हणजे फार अस्वस्थ, ५ म्हणजे शांत. आकडा त्याच रात्री हवा, कारण रविवारी बसून दिला तर त्या दिवशीचा मूड सगळ्या आठवड्याला लागतो.

रविवारी दुपारी वही घेऊन सगळ्या नोंदी ऐकायच्या. प्रत्येक नोंदीची एकच ओळ: वार, आकडा, आणि कशाकशाबद्दल बोललो ते. मग एकेक विषय किती दिवस आला ते मोजायचं. किती वेळ बोललो ते मोजायचं नाही. माझी चूक इथेच होत होती.

मागच्या महिन्यातला एक आठवडा सांगते. शनिवारी मी सूनबाईबद्दल सात मिनिटं बोलले होते, आणि रविवारी मुलाशी या विषयावर बोलायचंच असं ठरवलं होतं. वहीत मात्र असं निघालं: सोमवार ४, मंगळवार २, बुधवार २, गुरुवार ४, शुक्रवारी नोंद नाही, शनिवार २. सूनबाई फक्त शनिवारी. मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार या चारही दिवशी एक वाक्य होतं, "रात्री आईंसाठी तीनदा उठले." सासूबाईंना रात्री सारखं उठावं लागतं. हे वाक्य मी इतकं सहज बोलून गेले होते, की ऐकतानाही पहिल्यांदा निसटलं.

तरी लगेच "झोप नाही म्हणून चिडचिड" असं लिहून टाकलं नाही. उलटा दिवस आहे का, तेही बघावं लागतं. गुरुवारी झोप झाली नव्हती, तरी आकडा ४. त्या दिवशी पादुकापूजन होतं, दुपारी तासभर आडवीही झाले होते. यातलं नक्की कशानं बरं वाटलं, ते एका आठवड्यावरून कळत नाही. शुक्रवारची जागा कोरीच ठेवली, अंदाजाने भरली नाही.

पानाखाली दोनच ओळी लिहिल्या: "विषय – रात्रीची जाग. मन – जाग्रणानंतर चारपैकी तीन दिवस खाली." मुलाशी बोलले, पण सूनबाईबद्दल नाही. आता आठवड्यातून दोन रात्री तो आईंच्या खोलीत झोपतो. अशी चार पानं झाली की शेजारी ठेवून बघणार आहे. तेव्हा त्या दोन रात्रींनंतरचे आकडे वेगळे आहेत का, ते कळेल.

नोंदी कोणाला ऐकवायच्या नाहीत. सत्संगात आणायचंच असेल, तर फक्त त्या दोन ओळी आणा.