पारशी धर्माचा अभ्यास : एका कार्डावर एकच प्रश्न

अन्य धर्मांचा अभ्यास करताना जरथुष्ट्राच्या धर्मातील नावे तोंडात बसत नाहीत, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्यावर कार्डांचा उपाय उपयोगी पडतो. जुन्या पुठ्ठ्याचे पत्त्याएवढे तुकडे करावेत, एका बाजूला प्रश्न लिहावा व मागे उत्तर. उत्तर आधी तोंडाने म्हणावे, मगच कार्ड उलटावे. नुसते वाचत गेल्यास येते असे वाटते, पण येत नसते.

परंतु कार्डाचा एक धोका आहे. त्यावर जे लिहाल ते पक्के बसते, चुकीचे असले तरी. 'पारशी कोणाची पूजा करतात?' आणि मागे 'अग्नीची', हे कार्ड बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी करतात. ते फाडून टाकावे. पारशांचा उपास्य अहुर मज्दा, म्हणजे ज्ञानी प्रभू, होय. अग्नी हे त्याचे पवित्र दृश्य चिन्ह आहे. अवेस्ता या धर्मग्रंथात अग्नीला अहुर मज्दाचा पुत्र म्हटले आहे. तेव्हा त्या एका कार्डाची तीन करावी लागतात.

पहिले : 'उपास्य कोण?' – अहुर मज्दा.

दुसरे : 'अग्नी कोणाच्या रक्षणाखाली?' – अशा वहिश्त. 'अशा' म्हणजे सत्य, सुव्यवस्था. अहुर मज्दाच्या सहा दिव्य शक्तींपैकी ही एक असून प्रत्येकीकडे सृष्टीचा एकेक भाग सोपविलेला आहे. सहाही नावे एकाच कार्डावर कोंबू नयेत. दोन आठवतात, चार गळतात, आणि कोणती गळली तेही कळत नाही. सहा कार्डे करावीत व ती उलटूनही विचारावीत : 'पृथ्वी कोणाकडे?' – स्पेंता आर्मइतीकडे.

तिसरे : 'अग्यारीत धर्मगुरू तोंडावर पांढरे वस्त्र का बांधतो?' – श्वासाने व थुंकीने अग्नी विटाळू नये म्हणून.

आता या तीन कार्डांची परीक्षा घ्या. 'परंपरेने पारशी प्रेत का जाळत नाहीत?' असे विचारा. 'अग्नीची पूजा' एवढेच पाठ केलेला येथे अडतो. तिसरे कार्ड समजलेला मात्र न शिकविता सांगतो की प्रेत अपवित्र, म्हणून ते अग्नीत, जमिनीत वा पाण्यात टाकायचे नाही, दख्म्यात उघड्यावर ठेवायचे. 'परंपरेने' हा शब्द कार्डावरून गाळू नये. गिधाडे जवळजवळ नाहीशी झाल्यावर मुंबईतील काही पारशी कुटुंबे दहन पत्करतात, आणि त्यांच्यासाठी २०१५ पासून वरळीला प्रार्थनागृह आहे.

आचाराच्या कार्डांत नवजोतीचे कार्ड महत्त्वाचे. नवजोत म्हणजे मुलाला वा मुलीला धर्मात घेण्याचा विधी. त्यात सुद्रे, म्हणजे पांढरा सुती सदरा, व कस्ती देतात. कस्ती लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली असते, कारण यस्न या पूजाग्रंथाचे अध्याय ७२ आहेत. ती कमरेभोवती तीनदा गुंडाळतात. तीन वेढे कशाचे, तर हुमत, हूख्त, हुवर्श्त : सुविचार, सुवचन, सुकृती. आपल्याला येथे काया-वाचा-मन आठवेल. आठवणीला तो धागा चालेल, मात्र येथे विचार प्रथम येतो, हा क्रम कार्डावर नीट लिहावा. आणि दोन धर्मांची शिकवण एकच, असे त्यावरून ठरवू नये.

उजळणीसाठी तीन खोके पुरेत. पहिल्यातील कार्डे रोज, दुसऱ्यातील तीन दिवसांनी, तिसऱ्यातील आठवड्याने पाहावीत. बरोबर आले की कार्ड पुढच्या खोक्यात जाते, चुकले की थेट पहिल्यात येते. एखादे चार-पाच वेळा परत आले तर दोष स्मरणाचा नसून बहुधा कार्डाचा असतो. त्यावर दोन प्रश्न एकत्र आलेले असतात.

'बाहेरच्या माणसास हा धर्म स्वीकारता येतो काय?' हे असेच परत येणारे कार्ड. 'नाही' असे एका शब्दात लिहिले की ते खोटे ठरते. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीची नवजोत झाली होती, आणि तिच्या हक्कांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९०८ साली न्यायमूर्ती दावर व बीमन यांनी निकाल दिला. पारशी हे वंशाचे नाव व जरथुष्ट्री हे धर्माचे नाव, असा भेद न्यायालयाने केला. जरथुष्ट्री धर्माला धर्मांतर वर्ज्य नाही, पण हिंदुस्थानातील पारशांत तशी रूढी नव्हती, असेही म्हटले. म्हणून येथे दोन कार्डे हवीत. एकावर 'धर्म काय म्हणतो?' आणि दुसऱ्यावर 'भारतातील पारशी समाजाची रूढी काय?'