सांडपाण्याचा पाईप आधी, पाण्याचा नळ नंतर : संगणकातील इमारतीत ढाळ कसा राखावा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ बांधव नळकामाचे ठेके घेतात, काहींची पाईप आणि फिटिंगची दुकाने आहेत. मोठ्या कामांत आता नकाशाच्या कागदासोबत संगणकात उभी केलेली संपूर्ण इमारत हाती येते. ती बहुधा ‘रेव्हिट’ नावाच्या प्रणालीत केलेली असते. तिच्यात पाईप ओढणे अवघड नाही. अवघड आहे तो ढाळ, कारण पडद्यावर सपाट पाईपही दिसायला चांगलाच दिसतो. म्हणून या लेखात आम्ही एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेणार आहोत.

खाली दुकानाचे गाळे आहेत आणि वर दवाखाना. दवाखान्याच्या कमोडचा 110 मिलिमीटरचा पाईप गाळ्याच्या छताखालून 9 मीटर जाऊन उभ्या पाईपला मिळायचा आहे. गाळ्याच्या फरशीपासून स्लॅबचे बूड 3000 मिलिमीटरवर आहे. वाटेत, उभ्या पाईपपासून 3 मीटरवर, एक बीम आडवा येतो. त्याचे बूड 2675 वर आहे. दुकानदाराला खोटे छत 2400 वर हवे आहे. म्हणजे बीमखाली आपल्या हाती सारी 275 मिलिमीटर जागा आहे.

आता ढाळ किती द्यायचा? जुने मिस्त्री चार इंची पाईपला चाळीसास एक ढाळ धरत. तसा दिला तर 9 मीटरमध्ये पाईप 225 मिलिमीटर उतरतो. कमोडकडील पाईपचे बूड 2650 वर ठेवले (याहून वर नेल्यास कमोडखालचा बेंड आणि जोड बसत नाही), तर उभ्या पाईपपाशी ते 2425 वर येते. खोट्या छतापासून केवळ 25 मिलिमीटर! त्यात छताची पट्टीही बसायची नाही. साठास एक दिला तर उतार 150 होतो आणि शेवटचे बूड 2500 वर येते. खाली जागा भरपूर दिसते, आणि पडद्यावर काम करणारा बहुधा येथेच समाधान मानतो.

पण बीमखाली पाहा. उभ्या पाईपपासून 3 मीटरवर पाईप 50 मिलिमीटर वर आलेला असतो. बूड 2550, माथा 2660, आणि बीम 2675 वर. मध्ये 15 मिलिमीटर उरतात. संगणक म्हणतो, अडथळा नाही. मात्र बाजारात हा पाईप 3 मीटर लांबीचा मिळतो, आणि उभ्या पाईपपासून पहिली लांबी संपते ती नेमकी बीमखाली. सांध्याचा सॉकेट पाईपहून जाड असतो; उरलेल्या जागेतला बराच भाग तोच खातो. संगणकात 9 मीटरचा पाईप अखंड काढलेला असल्याने हा सांधा तेथे नसतोच. जागेवर मात्र कारागीर पाईप खाली दाबतो, ढाळ मोडतो आणि पोटात पाणी साचते.

तेव्हा आम्ही पन्नासास एक घेतो. फुटाला दोन सूत हा जो हिशेब आपल्याकडे चालतो, तोच जवळपास हा. उतार 180, शेवटचे बूड 2470, बीमखाली बूड 2530 आणि माथा 2640. वर 35 मिलिमीटर मोकळे, खाली छतापासून 70. पहिला तुकडा अडीच मीटरचा कापून घेतला की सांधाही बीमखालून सरकतो.

हे प्रत्यक्ष ओढताना क्रम महत्त्वाचा आहे. `Mechanical Settings` मध्ये `Slopes` या यादीत आपला ढाळ आधी घालून ठेवावा. यादीत नसलेला ढाळ पाईप ओढताना निवडता येत नाही. तेथेच `Angles` मध्ये 45 आणि 90 असे ठराविक कोन बांधून टाकावेत. नाहीतर संगणक 63 अंशांचा बेंड निमूटपणे काढून देतो, आणि तसा बेंड आपल्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही. मग पाईपच्या प्रकारातील `Routing Preferences` उघडून जोडाच्या जागी टीऐवजी वाय ठेवावा. आडव्या सांडपाण्याच्या पाईपला काटकोनी टी लावली तर घाण समोरच्या भिंतीवर आपटून मागे पसरते, हे कारागिराला सांगायला नको. पण संगणकाला सांगावे लागते. दुकानदार बांधवांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण मालाची यादी या चित्रातूनच निघते. चित्रात टी राहिली तर यादीतही टीच येणार.

ओढायला सुरुवात खालच्या टोकापासून, म्हणजे उभ्या पाईपपासून करावी. `Slope Up` निवडून कमोडकडे चढत जावे. एक बारीक गोष्ट : संगणक `Middle Elevation` म्हणून पाईपच्या मध्याची उंची मागतो, बुडाची नव्हे. बूड 2470 हवे तर मध्य 2525 लिहावा. वाटेत बेसिनचा फाटा जोडायचा असेल तर `Inherit Elevation` चालू करावे, म्हणजे ढाळावर त्या ठिकाणी जी उंची असेल ती फाटा आपोआप घेतो. ते न केल्यास फाटा हवेत सुटतो किंवा जोडच बसत नाही.

आता पाण्याचा नळ. त्यात पाणी दाबाने येते, त्यामुळे तो वळवता येतो. सांडपाण्याला फक्त उतार कळतो. म्हणून जागा आधी सांडपाण्याने घ्यावी. आमच्या उदाहरणात 25 मिलिमीटरचा नळ बीमला समांतर, उभ्या पाईपपासून दीड मीटरवर, 2600 या उंचीने जात होता. तेथे सांडपाण्याच्या पाईपचा माथा 2610 वर आहे. नळाचे बूड 2587 च्या आसपास, म्हणजे सरळ टक्कर. नळ 2700 वर उचलला की मध्ये 75 मिलिमीटरहून अधिक मोकळे राहतात, आणि पिण्याचे पाणीही घाणीच्या वरून जाते. मात्र फक्त टकरीपुरती कमान काढू नये. कमानीच्या माथ्यावर हवा अडकते आणि नळ धापा टाकतो. सगळी ओळच वर घ्यावी.

टकरी शोधण्यासाठी रेव्हिटमध्येच `Interference Check` आहे. पण तो एकात एक घुसलेल्या वस्तूच दाखवतो. वरील 15 मिलिमीटरची फट त्याला दोष वाटत नाही. त्यासाठी ‘नेव्हिसवर्क्स’मधील `Clash Detective` वापरावे, त्यात `Clearance` हा प्रकार घेऊन 25 मिलिमीटर भरावेत. साठास एकचा पाईप तेथे लगेच लाल होतो. स्लॅबमधून जाणारा प्रत्येक उभा पाईपही, भोक ठेवलेले नसेल तर, यादीत येतो. या नोंदी खोट्या म्हणून पुसू नयेत. ती ठेकेदाराला द्यायची भोकांची यादी आहे. स्लॅब ओतल्यावर तीच भोके कोअर मशीनने पाडावी लागतात आणि त्याचा खर्च कुणाच्या माथी, यावरून बिले अडतात.

यानंतर कुणी एखादा पाईप हाताने सरकवला तर ढाळ गुपचूप बदलतो. ते पकडायला पाईपांचा तक्ता काढून त्यात `Slope` हा रकाना घ्यावा आणि त्यानुसार क्रम लावावा. शून्य किंवा वेगळा आकडा असलेली ओळ वेगळी उठून दिसते. उभ्या पाईपांच्या ओळी मात्र त्यातून वगळाव्यात.

जागेवर जाताना कारागिराला चित्र कमी आणि तीन आकडे जास्त उपयोगी पडतात : उभ्या पाईपपाशी 2470, बीमखाली 2530, कमोडपाशी 2650. हे आकडे बुडाचे आहेत असे त्याला स्पष्ट सांगावे. भिंतीवर पाण्याच्या नळीने एक मीटरची लेव्हल मारून तेथून मोजावे, आणि तिन्ही खुणा जुळल्यावरच क्लॅम्पची भोके पाडावीत.