सिलिंडर गळतो की गार होतो?

अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयातील रसायनशाळा डोळ्यांपुढे आणा. मे महिना आहे. बाहेर पारा ४५ अंशांना टेकला आहे, म्हणून झळ आत येऊ नये यासाठी खिडक्या लावून घेतल्या आहेत. कोपऱ्यात नायट्रोजनचा सिलिंडर उभा आहे. अंग राखी, मान काळी; हे रंग पाहूनच आत नायट्रोजन आहे हे ओळखायचे. संध्याकाळी सहा वाजता त्याच्या दाबमापकावर १२० हा आकडा होता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२० किलोग्रॅम दाब. सकाळी सात वाजता काटा ११० वर आला. रात्रभर कोणी वायू वापरला नाही. मग दाब कुठे गेला?

"गळती!" असे तुम्ही लगेच म्हणाल. पण थोडे थांबा. संध्याकाळी सिलिंडरच्या अंगाला बांधलेला तापमापक ४० अंश दाखवीत होता, सकाळी तो २८ अंशांवर आला होता. बंद भांड्यातील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हे तुम्ही पुस्तकात शिकला आहात. ४० अंश सेल्सिअस म्हणजे ३१३ केल्व्हिन आणि २८ अंश म्हणजे ३०१ केल्व्हिन. १२० ला ३०१ ने गुणून ३१३ ने भागा. उत्तर येते सुमारे ११५. म्हणजे वायूचा एक कणही बाहेर न जाता काटा ११५ पर्यंत उतरायलाच हवा होता. खरा हिशेब जुळत नाही तो पुढच्या पाचांचा.

हे पाच म्हणजे किती वायू? मोठ्या सिलिंडरच्या पोटात सुमारे ४७ लिटर पाणी मावते. म्हणून दाब एक किलोग्रॅमने उतरला की साधारण ४७ लिटर वायू बाहेर गेला, असे समजावे. पाच किलोग्रॅमसाठी हा आकडा २३५ लिटरच्या घरात जातो. नायट्रोजन विषारी नाही, त्याला वास नाही, रंगही नाही. पण तो खोलीतील हवेला बाजूला सारतो. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा बंद कोठीत पूर्ण भरलेला सिलिंडर रिकामा झाला, तर सुमारे ७,००० लिटर वायू बाहेर पडतो, आणि तेथील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास येते. अशा हवेत माणसाला श्वास कोंडल्यासारखे वाटतही नाही; तो एकाएकी खाली कोसळू शकतो. म्हणून गळतीचा संशय आला की आधी दारे-खिडक्या उघडायच्या, झळ आली तरी चालेल.

आता गळती शोधू. मोठ्या दाबमापकावरचे आकडे इतके जवळजवळ असतात, की एक-दोन किलोग्रॅमचा फरक डोळ्यांना कळत नाही. बारीक गळती पकडायला दुसरी युक्ती आहे, आणि ती समजण्यासाठी रेग्युलेटरच्या आत डोकावले पाहिजे.

रेग्युलेटरला दोन दाबमापक असतात. पहिला सिलिंडरमधील दाब सांगतो, दुसरा बाहेर नळीत जाणारा दाब सांगतो. मध्ये एक लवचीक पडदा, त्यावर स्प्रिंग आणि पडद्याला जोडलेली लहानशी झडप असते. समोरची कळ आत फिरवली की स्प्रिंग पडदा ढकलते, झडप उघडते आणि वायू पुढे येतो. पुढचा दाब पुरेसा वाढला की तोच पडद्याला मागे रेटतो आणि झडप मिटते. कळ पूर्ण सैल केली की झडप मिटूनच राहते.

तपासणी शिक्षकांनी करायची, तुम्ही नोंदी ठेवायच्या. कळ सैल असताना सिलिंडरची मुख्य झडप हळूहळू उघडावी. उघडणाऱ्याने दाबमापकाच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहावे. मग बाहेरचा दाब २ किलोग्रॅमपर्यंत आणून बाहेरची चावी बंद करावी, मुख्य झडप बंद करावी आणि कळ पुन्हा सैल करावी. आता पंधरा मिनिटे दोन्ही काटे पाहत बसायचे.

यात गंमत काय आहे? मुख्य झडप बंद असल्याने पहिल्या दाबमापकाच्या मागे ४७ लिटर वायू उरलेला नाही. रेग्युलेटरच्या पोटात अडकलेली जागा फार तर २० घनसेंटिमीटर धरा. इथे काटा एक किलोग्रॅमने उतरवायला केवळ २० घनसेंटिमीटर वायू पुरतो. सिलिंडर उघडा असताना तेवढ्याच उतारासाठी ४७,००० घनसेंटिमीटर जावे लागत होते. म्हणजे ही परीक्षा दोन हजारपट अधिक तीक्ष्ण झाली! शिवाय पंधरा मिनिटांत तापमानही फारसे बदलत नाही.

काटे काय सांगतात ते पाहा. पहिला उतरला आणि दुसरा स्थिर राहिला, तर गळती सिलिंडर व रेग्युलेटर यांच्या जोडाशी आहे. पहिला उतरला आणि दुसरा चढला, तर आतली झडप नीट बसत नाही. असा रेग्युलेटर दुरुस्तीला पाठवावा. केवळ दुसरा उतरला, तर दोष पुढच्या भागात किंवा बाहेरच्या चावीत आहे.

आपल्या उदाहरणात पहिला काटा उतरला, दुसरा जागचा हलला नाही. मग मुख्य झडप पुन्हा थोडी उघडून जोडाच्या नटावर ब्रशाने साबणाचे पाणी लावले. बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. चोर सापडला!

इथे मोह होतो तो पाना घेऊन नट आवळण्याचा. दाबाखाली असलेला जोड कधीही आवळू नये. मुख्य झडप बंद करावी, आतला वायू सोडून दोन्ही काटे शून्यावर आणावेत, मगच नट सोडावा. बहुधा टेकणीवर धुळीचा कण किंवा ओरखडा दिसतो. कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून पुन्हा जोडावे. तेल, ग्रीस किंवा चिकटपट्टी लावू नये. ऑक्सिजनच्या जोडाला तर तेलाचा थेंबही आग लावू शकतो. हायड्रोजनसारख्या जळणाऱ्या वायूंचे आटे उलट दिशेने फिरतात, त्यामुळे चुकीचा रेग्युलेटर बसतच नाही. तो जबरदस्तीने बसवू नये. बुडबुडे मुख्य झडपेच्या दांड्यापाशी आले, तर हात न लावता सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवून पुरवठादाराला कळवावे.

राहिली साखळी. भरलेल्या सिलिंडरमधील दाब १५० असतो. तो पडून झडप तुटली आणि एक सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले असे धरा. भोकाचे क्षेत्रफळ ०.७९ चौरस सेंटिमीटर, म्हणून धक्का सुमारे ११८ किलोग्रॅमचा. सिलिंडरचे वजन साठ किलोच्या आसपास. स्वतःच्या वजनाच्या दुप्पट रेटा मिळालेली लोखंडी वस्तू काय करील, याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून उंचीच्या दोन-तृतीयांश भागावर साखळी घालून ती भिंतीतील पक्क्या कडीला अडकवावी. टेबलाच्या पायाला नव्हे. हलवताना रेग्युलेटर काढून टोपी बसवावी आणि ढकलगाडी वापरावी. खिडकीतून येणारे ऊन सिलिंडरवर पडू देऊ नये. असे सिलिंडर कसे भरावेत, साठवावेत व हलवावेत याचे नियम २०१६ साली नव्याने झाले, आणि ते पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

शेवटची गोष्ट. संध्याकाळी मुख्य झडप बंद केली असती, तर त्या रात्री २३५ लिटर वायू गेलाच नसता.

सोडवून पाहा: अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत संध्याकाळी सिलिंडरचे तापमान ३७ अंश व दाब १०० होता, सकाळी तापमान २७ अंश व दाब ९७ झाला. गळती आहे का? (उत्तर: मोठी गळती नाही, १०० चे ९७ होणे हा तापमानाचाच परिणाम. बारीक गळती आहे की नाही, हे मात्र पंधरा मिनिटांच्या तपासणीनेच कळेल.)