अल्कलाइन पाणी की घरचं उकळलेलं?

प्रश्न : घरी आम्ही नळाचं पाणी गाळून, उकळून पितो. दुकानदार म्हणतो, अल्कलाइन बाटलीनं ॲसिडिटी जाते, मिनरल वॉटरमधून खनिजं मिळतात. बदल करावा का? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : नको. जठरातल्या आम्लाचा पीएच साधारण दीड ते साडेतीन असतो. तिथं आठ-नऊ पीएचचं पाणी पोचताच त्याचा अल्कधर्मीपणा संपतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राखणं हे फुप्फुसं आणि मूत्रपिंडांचं काम, बाटलीचं नव्हे. खनिजांसाठी लेबल वाचा. लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर कपभर दुधात त्याच्या पाचपट तरी मिळतं!

गाळलेलं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा, झाकून गार करा आणि ओगराळ्यानं काढा. उकळलेलं पाणी बहुधा पुन्हा बुडवलेल्या हातानं बिघडतं. तळाशी बसणारा पांढरा थर चुन्याचा, निरुपद्रवी. बोअरचं पाणी असेल तर मात्र नायट्रेट तपासून घ्या. उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त निघालं, तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका.