टीव्हीमागचा दिवा: साडेचारशेत भागतं, पाच हजार कशाला?

रात्रीची जेवणं आटोपून तुम्ही मॅच लावता, ट्यूब बंद करता आणि अकराच्या सुमारास डोळे चुरचुरायला लागतात. यावर दुकानदाराकडे तीन उपाय तयार असतात: ब्लू-कट चष्मा, स्क्रीनला लावायची काच आणि रंग बदलणारी दिव्यांची पट्टी. यातलं काहीही घेण्याआधी रिमोट हातात घ्या. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं, तेही एक पैसा न घालवता.

नवा टीव्ही घरी येतो तेव्हा तो बहुधा Vivid किंवा Standard वर असतो. शोरूमच्या लखलखाटात उठून दिसावा म्हणून ठेवलेला हा उजेड अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर येतो. Picture Mode मध्ये जाऊन Movie, Cinema किंवा Filmmaker निवडा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, घरातले कुरकुर करतील, मग सवय होते.

आता Backlight शोधा. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण समोर Brightness दिसतं आणि ते कमी केलं जातं. बऱ्याच टीव्हींत Brightness हे फक्त काळ्या भागाची पातळी बदलतं, दिव्याचा उजेड तेवढाच राहतो. सोनीसारख्या काही कंपन्यांत मात्र Brightness म्हणजेच दिवा असतो आणि काळ्यासाठी Black level वेगळं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा कमी केल्यावर काळे केस, काळा कोट एकसंध डाग झाले, तर तुम्ही चुकीचं बटण हलवलंत. ते परत होतं तिथे ठेवा आणि दुसरं हलवा. बरोबर बटणावर आख्खं चित्र मंद होतं, पण केस केसच दिसतात. रात्रीसाठी 100 पैकी 40-50 पासून सुरुवात करा. बातम्यांच्या वाहिनीची पांढरी पट्टी कागदासारखी दिसली पाहिजे, ट्यूबलाइटसारखी नाही.

Dynamic Contrast बंद करा. दृश्य बदललं की उजेड उसळतो-पडतो तो बरेचदा याच्यामुळे, आणि या चढउताराचाही डोळ्यांना त्रास होतो. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: बऱ्याच टीव्हींत ही सगळी सेटिंग्ज प्रत्येक जोडणीची वेगळी असतात. सेट-टॉप बॉक्सवर सगळं नीट केलंत आणि यूट्यूब उघडलं की पुन्हा जुना लखलखाट. सगळ्या इनपुटना लागू करण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर प्रत्येक ठिकाणी एकदा बसून करा.

उरलं Eye Comfort किंवा Low Blue Light. ते चालू केलं की निळा रंग कमी होऊन चित्र पिवळसर होतं. चालू ठेवायला हरकत नाही, पण फार आशा ठेवू नका. आठ-नऊ फुटांवरच्या टीव्हीतून डोळ्यांत पोचणारा निळा प्रकाश, फूटभर अंतरावर धरलेल्या मोबाइलच्या मानाने कमी असतो. डोळे शिणतात त्याची कारणं वेगळी आहेत: आपण टक लावून पाहतो, पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, आणि काळ्याकुट्ट खोलीत एकच झगझगीत चौकोन समोर असतो. ब्लू-कट चष्म्यांबद्दल कॉक्रेनने 2023 मध्ये 17 चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा शीण अशा चष्म्याने कमी होत नाही असाच कल त्यात निघाला. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, हे चष्मे सुचवत नाही. तेव्हा कोटिंगचे पाचशे-हजार वाचवा. टीव्हीला लावायच्या काचेचे दोन-चार हजारही वाचवा. त्या काचेवर मागच्या खिडकीची चमक येते ती वेगळीच.

आता ज्यावर खर्च करण्यासारखा आहे ते: टीव्हीमागे भिंतीवर पडणारा मंद उजेड. डोळ्यांसमोरचा अंधार आणि स्क्रीन यांतला फरक त्याने कमी होतो. रंग पांढरा हवा, 6500 केल्विन. आपल्याकडे पाकिटावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेले बल्ब याच रंगाचे असतात, त्यामुळे शोधाशोध नाही. Movie मोडमधला पांढराही साधारण याच रंगाचा धरलेला असतो. म्हणून मागे पिवळा ‘वॉर्म’ दिवा लावलात तर चित्र निळसर भासतं. उलट Eye Comfort पूर्ण ताणून मागे पांढरा दिवा लावलात तर भिंत निळी आणि चित्र पिवळं दिसतं. दोन्हींपैकी एकच ठेवा. मी दिवा ठेवीन.

किती उजेड? स्क्रीनच्या पांढऱ्याच्या साधारण दहावा हिस्सा. 43 इंची टीव्हीसाठी दोन-तीन वॅटचा एलईडी पुरतो. पाकिटावर ‘20 वॅट सुपर ब्राइट’ लिहिलेलं तुमच्या कामाचं नाही. लावल्यावर तपासायचं असं: स्क्रीनकडे पाहताना भिंतीचा उजेड जाणवला पाहिजे, पण नजर भिंतीकडे ओढली गेली तर तो जास्त आहे.

दौंड तालुक्यातल्या केडगावच्या एका बैठकीच्या खोलीचा हिशेब करू. टीव्ही 43 इंची, दिवाण नऊ फुटांवर, भिंत फिकट क्रीम. टीव्ही सुमारे 95 सेंटिमीटर रुंद आणि 54 उंच. पट्टी कडेपासून सात सेंटिमीटर आत चिकटवायची, म्हणजे दिवे समोरून दिसत नाहीत. वर 81 आणि दोन्ही बाजूंना 40-40 धरले तर 161 सेंटिमीटर होतात, म्हणजे दोन मीटरची पट्टी उरून पुरते. खालची बाजू सोडा, कारण तिथला उजेड टीव्हीखालच्या काचेच्या टेबलावरून डोळ्यांत येतो. एकरंगी पांढरी, 5 व्होल्टची, यूएसबीची, उजेड कमी-जास्त करता येणारी पट्टी 300 ते 500 रुपयांत मिळते. वर दुहेरी टेपचे तीस-चाळीस. जुना मोबाइल चार्जर घरात असेलच. भाव ब्रँडनुसार मागेपुढे होतील, पण साडेचारशेच्या आसपास काम उरकतं. रंगछटा अचूक हवी तर ‘सीआरआय 90’ वरची पट्टी हजार-दीड हजारापर्यंत जाते. मालिका आणि मॅचसाठी तिची गरज नाही.

चित्रासोबत रंग बदलणारे संच पाच-सहा हजारांपासून पुढे. बघायला गंमत आहे, पण डोळ्यांसाठी उलटा कारभार: आपल्याला भिंत स्थिर हवी, आणि हे तिला नाचवतात.

वीज कुठून घ्यायची ते आधी ठरवा. टीव्हीच्या यूएसबीवर ‘5V 0.5A’ लिहिलेलं असेल तर तिथून अडीच वॅट मिळतात. पट्टीच्या पाकिटावर ‘5V 2A’ असेल तर ती तिथे जोडू नका, चार्जरवर चालवा. जास्त ओढ झाली की पट्टीचं टोक मंद पडतं, रंगीत पट्टीचं टोक लालसर होतं, कधी टीव्ही स्वतःच यूएसबी बंद करतो. यूएसबीचा फायदा एवढाच की टीव्हीबरोबर दिवाही बंद होतो, पण सगळ्याच टीव्हींत नाही. रिमोटने बंद करून काही मिनिटांनी बघा. रोज चार तास पाच वॅटचा दिवा म्हणजे महिन्याला 0.6 युनिट. महावितरणच्या बिलात तो शोधूनही सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र घेऊच नका: थेट 220 व्होल्टवर चालणारी, मीटरवर कापून मिळणारी रोप लाइट. सणाच्या माळांसोबत टांगलेली असते, स्वस्त असते, आणि ‘हीच लावा, सगळे हीच लावतात’ असं ऐकायला मिळतं. कापलेल्या टोकाचं टोपण सैल झालं की त्यात थेट मेन्सचा करंट असतो, तोही टीव्हीच्या मागे, जिथे तुम्ही केबल लावायला अंदाजाने हात घालता. शिवाय स्वस्त माळ सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. कोणताही दिवा तपासायला मोबाइलचा कॅमेरा स्लो-मोशनवर धरा. उजेड धडधडला किंवा पडद्यावर काळे पट्टे सरकले, तर तो परत द्या. हीच चाचणी यूएसबी पट्टी मंद करूनही घ्या, कारण काही पट्ट्या पूर्ण उजेडात ठीक असतात आणि मंद केल्यावर लुकलुकतात.

भिंत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हिरवी किंवा गुलाबी भिंत उजेडालाही तोच रंग देते. चकचकीत ऑइलपेंटवर एकेक दिव्याचा ठिपका दिसतो. गडद सनमायकाच्या युनिटमध्ये टीव्ही असेल तर पट्टीचा उपयोग नाही. शेजारच्या भिंतीकडे तोंड करून एक छोटा बल्ब लावा, होल्डरसह दीडशेत होतं. टीव्ही भिंतीला अगदी चिकटून टांगलेला असेल तर उजेडाची फक्त रेघ दिसते. निदान पाच सेंटिमीटर फट हवी. त्यासाठी बाहेर येणारा ब्रॅकेट पाचशे ते बाराशे, आणि बसवणावळ वेगळी. ती आधी विचारा, नंतर भांडू नका. सुतार किंवा इंटिरियरवाला रनिंग फुटाचा भाव सांगतो तेव्हा त्यात ड्रायव्हर आणि प्रोफाइल धरलंय का, हेही आधीच विचारा.

पट्टी केडगाव-चौफुल्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाली तर तिथेच घ्या, परत द्यायला सोपी. पर्याय जास्त हवे असतील तर पुणे-दौंड लोकलने जाऊन तपकीर गल्ली. तिथे दुकानातच लावून, मंद करून, कॅमेऱ्याने बघा. ऑनलाइन मागवताना पत्त्यात ‘ता. दौंड’ आणि पिनकोड नीट घाला; अहिल्यानगरलाही केडगाव आहे आणि पार्सल तिकडे भटकतं. नवीन अ‍ॅडाप्टर घेतलात तर त्यावरचा ‘R-’ ने सुरू होणारा क्रमांक BIS Care ॲपमध्ये टाकून बघा. जीएसटीचं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी तोंडी. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

चिकटवण्याआधी टीव्हीची पाठ कोरड्या फडक्याने पुसा, हवेच्या जाळ्या झाकू नका, पट्टी फक्त कात्रीच्या खुणेवरच कापा. पावसाळ्यात खिडकी लावून घ्या, नाहीतर किडे टीव्हीमागे आणि किड्यांमागे पाल.

हे सगळं करूनही आठवडाभरात डोळे दुखायचे थांबले नाहीत, अक्षरं पुसट दिसतात किंवा मूल टीव्हीजवळ जाऊन बसतं, तर दिव्याचा विषय संपला, नंबर तपासा. यवतचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. राज्याच्या या रुग्णालयांतली तपासणी 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहे. डोळ्यांच्या तपासणीचा वार आधी विचारून जा. आधार कार्ड, जुना चष्मा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा. नंबरचा कागद हातात घ्या आणि चष्मा हवा त्या दुकानात करा. तिथे पुन्हा ब्लू-कटचा आग्रह होईल, तेव्हा साध्या काचेचा भाव वेगळा लिहून मागा.