काकू, आणखी एक उदाहरण द्या ना!

रविवारच्या वर्गात हे वाक्य आम्हांला दर आठवड्याला ऐकू येते. वाक्य शुद्ध आहे, विनंतीही नम्र आहे. पण मागणाऱ्याला नेमके काय हवे आहे ते त्यातून कळत नाही. म्हणून या अंकात धडा या एका वाक्यावरच.

पहिली अडचण 'उदाहरण' या शब्दाचीच. मराठी शाळेत गणिताच्या तासाला 'उदाहरण' म्हणजे सोडवायचा हिशेब. 'पाच उदाहरणे सोडवून आणा' असे गुरुजी म्हणतात. व्याकरणाच्या तासाला मात्र उदाहरण म्हणजे नियम समजावा म्हणून दिलेला नमुना. तेव्हा 'आणखी एक द्या' म्हणणाऱ्याला कधी फळ्यावर नमुना हवा असतो, तर कधी वहीत स्वतः करून पाहायला काहीतरी हवे असते.

दुसरी अडचण इंग्रजीतल्या 'अनदर'ची. त्या एका शब्दासाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. पाहुण्याने 'आणखी एक कप चहा द्या' म्हटले तर चहा आवडला असे समजावे. 'दुसरा कप द्या' म्हटले तर आधी कपाला तडा गेला आहे का ते पाहावे! 'आणखी' म्हणजे आहे त्यात भर. 'दुसरा' म्हणजे बहुधा याच्याऐवजी वेगळा. शिवाय मोजताना पहिल्यानंतरचाही दुसराच. 'दुसरं उदाहरण द्या' याचा अर्थ 'हे कळलं नाही, वेगळं सांगा' असा होऊ शकतो आणि 'हे कळलं, आता पुढचं सांगा' असाही.

आता भूतकाळाचा धडा घेऊ. फळ्यावर लिहिले आहे : 'रामाने आंबा खाल्ला.' कोणीतरी आणखी एक मागितले. 'रामाने पेरू खाल्ला' असे दिले तर ते बरोबरच आहे, पण उपयोगाचे फारसे नाही. राम पुल्लिंगी, आंबा पुल्लिंगी, पेरूही पुल्लिंगी. 'खाल्ला' हे रूप नक्की कोणामुळे आले, ते या दोन्ही वाक्यांवरून समजायला मार्गच नाही.

त्याऐवजी एका वेळी एकच शब्द बदलून पाहा. खाणारा बदलला : 'सीमाने आंबा खाल्ला.' क्रियापद हलले नाही. आता खायची वस्तू बदलली : 'सीमाने पोळी खाल्ली.' क्रियापद बदलले. म्हणजे येथे क्रियापद खाणाऱ्याकडे पाहत नाही, वस्तूकडे पाहते. पोळ्या अनेक असतील तर 'खाल्ल्या'. ही जोडी दिली की पेरू, चिकू, फणस यांची रांग लावावी लागत नाही.

पण मागणाऱ्याची शंका वेगळीच असेल तर? आमचा उपाय असा : लगेच उदाहरण देत नाही, 'आधी तू एक करून दाखव' असे सांगतो. जे वाक्य येते त्यावरून गरज कळते. 'सीमाने आंबा खाल्ली' असे आले तर वरचीच जोडी पुन्हा द्यावी. 'मीने पोळी खाल्ली' आले तर लिंगाचे त्याला कळले आहे. 'मी' आणि 'तू' यांना येथे 'ने' लागत नाही, याचे उदाहरण त्याला हवे : 'मी पोळी खाल्ली.' 'त्याने नाव विसरला' असे आले तर त्याला अपवाद हवेत. विसरणे, शिकणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही 'ने' घेत नाहीत : 'तो नाव विसरला', 'ती गाणं शिकली.' येथे क्रियापद पुन्हा माणसाकडे पाहते. ही क्रियापदे थोडीच आहेत. ती पाठच करावी लागतात.

आणि 'सीमाने मुलीला बोलावली' असे लिहिणाऱ्याला अजून एक प्रकार दाखवायचा राहिला आहे. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कोणाकडेच पाहत नाही, नपुंसकलिंगी एकवचनी राहते : 'सीमाने मुलीला बोलावले.' प्रत्येकाची मागणी तीच होती, पण उत्तरे चार निघाली. (मोठ्यांच्या वर्गात कोणी वाक्य करून दाखवायला लाजते. तेव्हा आम्ही नुसते 'कसलं हवं?' असे विचारतो, पण त्यावर बहुधा 'कसलंही चालेल' एवढेच उत्तर मिळते.)

मागणाऱ्यालाही थोडे नेमके बोलता येईल. 'असंच आणखी एक द्या', 'स्त्रीलिंगी कर्म असलेलं द्या', 'या नियमात न बसणारं एखादं आहे का?', 'मला सोडवायला एक द्या.' ही चार वाक्ये वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी.

पुढच्या रविवारसाठी : 'वाचणे', 'विसरणे' आणि 'बोलावणे' यांची भूतकाळातली प्रत्येकी दोन वाक्ये लिहून आणा. दोन वाक्यांत एकच शब्द मुद्दाम बदला, आणि त्यामुळे क्रियापद बदलले की नाही ते शेजारी लिहा.